डीडी हरवला, मुदतही संपली, आता पैसे परत कसे मिळवायचे?

वाडीवरचा (देवगड) · २० सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण नीट वाचा. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. कॉलेजला वसतिगृहाची फी आणि अनामत डीडीनेच हवी होती. १२ जूनला इथल्या शाखेतून ३६,५०० रुपयांचा डीडी काढला. पैसे माझ्या बचत खात्यातून गेले, पासबुकात नोंद आहे. १४ जूनला स्पीड पोस्टने पाठवला. ट्रॅकिंगवर १८ जूनला 'डिलिव्हर्ड' असं दिसतं. महिनाअखेरीस कॉलेजात फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे असा काही लिफाफा आलेलाच नाही.

शेवटची तारीख डोक्यावर आली होती. २ जुलैला तेवढीच रक्कम एनईएफटीने भरली आणि मुलीचा प्रवेश वाचवला. म्हणजे आजच्या घडीला माझे ३६,५०० दोनदा गेलेत.

४ जुलैला भर पावसात शाखेत गेलो. लिंक नव्हती. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "काका, तीन महिने थांबा. डीडीची मुदत संपली की पैसे आपोआप खात्यात येतात." मी पण शहाणा, थांबलो. मध्ये गणपती आले, चाकरमानी आले, विसरायलाच झालं. १२ सप्टेंबर उलटला तरी खात्यात दमडी नाही. परवा गेलो तर तिथे नवीन बाई. त्या म्हणतात, मूळ डीडी आणा. नसेल तर स्टॅम्पवर हमीपत्र आणा आणि डीडी मिळाला नाही असं कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजचा कारकून म्हणतो, ट्रॅकिंगवर 'मिळाला' दिसत असताना 'मिळाला नाही' असं मी कुठल्या तोंडाने लिहून देऊ?

आता सांगा, मी कुठे जाऊ? मला डुप्लिकेट डीडी नको, पैसे हवेत.

---

दर्यासारंग (मालवण) · रात्री १०.०५

अरे बाबा, चेकाक जसो स्टॉप पेमेंट मारतत तसो डीडीक पण मारूचो. जून म्हयन्यातच मारलं असतंस तर ह्यो ताप झालो नसतो. माझो एक चेक हरवलेलो, एका फोनात काम झाला.

---

पाचवा काउंटर (रत्नागिरी, बँकेतून निवृत्त) · २१ सप्टेंबर, सकाळी ७.१५

दर्यासारंग, चेक आणि डीडी यात एक मोठा फरक आहे. चेकवर पैसे द्यायचा हुकूम तुमचा असतो, तो तुम्ही मागे घेऊ शकता. डीडीचे पैसे बँकेने तुमच्याकडून आधीच घेतलेले असतात आणि ज्याच्या नावाने डीडी निघाला त्याला ते द्यायचं बँकेनेच कबूल केलेलं असतं. त्यामुळे डीडी काढणाऱ्याने फोन करून "थांबवा" म्हटलं म्हणून बँक थांबत नाही. नाहीतर माल घेऊन डीडी द्यायचा आणि घरी पोचल्यावर फोन करायचा, असा धंदाच सुरू होईल. हरवल्याचं लेखी कळवलं की बँक आपल्या सिस्टिममध्ये त्या डीडीवर सावधगिरीची खूण करते. तेवढं करून घ्यायलाच हवं, पण त्याने पैसे परत येत नाहीत.

वाडीवरचा, तुम्हाला ४ जुलैला दिलेला सल्ला साफ चुकीचा होता. मुदत संपली म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत, कुठल्याच बँकेत नाहीत. तुमचे ३६,५०० बँकेच्या देय डीडींच्या खात्यात पडून आहेत आणि कोणी लेखी मागेपर्यंत तिथेच राहतील. मात्र मुदत संपली म्हणून ते बुडालेलेही नाहीत. मुदत त्या कागदाची असते, रकमेची नव्हे.

आता एक धीराची गोष्ट. वीस हजार आणि त्यावरच्या डीडीवर बँक स्वतःच 'अकाउंट पेयी' असं छापते. म्हणजे तो लिफाफा कोणाच्या हाती लागला तरी पैसे फक्त कॉलेजच्या खात्यात जाऊ शकतात. त्यात आता मुदतही संपलेली, त्यामुळे कोणी भरला तरी परत येईल. बँकेला हे सगळं कळतं. तरी ती हमीपत्र मागणारच, कारण मूळ कागद अजून कुठेतरी आहे.

उद्या शाखेत गेलात की पहिली गोष्ट ही विचारा: सिस्टिममध्ये हा डीडी वटलेला दिसतोय की थकीत? हे दोन मिनिटांत दिसतं. वटलेला असला तर तुमचा पुढचा सगळा मार्गच बदलेल.

---

वाडीवरचा · सकाळी ८.०२

काका, खूप आभार. वटलेला नाही हे त्या बाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलं होतं. अडलंय ते कॉलेजच्या पत्रापाशी.

---

अॅडव्होकेटचा शेजारी (ठाणे, मूळ चिपळूण) · सकाळी ९.३०

सरळ नोटीस द्या आणि ग्राहक आयोगात जा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पंधरा दिवसांत डुप्लिकेट डीडी द्यायचा, नाहीतर एफडीच्या दराने व्याज. जूनपासून मोजा, सात टक्क्यांनी तीन महिन्यांचे सहाशे-साडेसहाशे रुपये तर आत्ताच झाले. पाच हजारांपर्यंतचा डीडी तर नुसत्या हमीपत्रावर द्यावा लागतो. कॉलेजचं पत्र वगैरे नियमात कुठेच नाही, ही बँकांची मनमानी आहे.

---

पाचवा काउंटर · सकाळी ११.२०

शेजारीबुवा, पंधरवड्याचा नियम खरा आहे, पाच हजारांचाही खरा आहे. पण पंधरवडा मोजायचा तो लेखी अर्ज बँकेत पोचल्या तारखेपासून. वाडीवरच्यांनी जुलैत काही लेखी दिलेलंच नाही, नुसतं बोलून आले. त्यामुळे ते तीन महिने हिशेबात येत नाहीत. व्याजही सात टक्के नाही. जेवढे दिवस उशीर झाला तेवढ्या दिवसांच्या एफडीला जो दर असेल तो. पंधरा-वीस दिवसांच्या एफडीला बँका किती देतात ते शाखेतल्या फलकावर बघा, हसू येईल.

आता पत्राबद्दल. तुमचा कारकून आणि तुमची बँक दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच गाठ बसलीय. बँकेला खरी काळजी ही, की उद्या कॉलेज उभं राहून म्हणेल, डीडी आमच्या नावाचा होता, आमच्या संमतीशिवाय पैसे परत का दिले? डीडी एकदा ज्याच्या नावाचा आहे त्याच्या हाती पडला की त्यावर त्याचा हक्क. म्हणून बँकेला कॉलेजकडून हवाय तो हक्क सोडल्याचा कागद. लिफाफा मिळाला की नाही यात तिला फारसा रस नाही. काउंटरवर सवयीने सगळेच "न मिळाल्याचं पत्र" म्हणतात, इतकंच.

तेव्हा कारकुनाकडे "मिळाला नाही" असं मागू नका. तो लिफाफा कोणी घेतला हे त्याला माहीत नाही, तो ते लिहिणार नाही आणि लिहूही नये. हे मागा:

"क्रमांक अमुक, दि. १२.६.२०२५, रक्कम रु. ३६,५००/- हा आमच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट आजअखेर आमच्या कोणत्याही खात्यात जमा झालेला नाही. सदर विद्यार्थिनीची फी दि. २.७.२०२५ रोजी एनईएफटीद्वारे स्वतंत्रपणे जमा झालेली आहे. सदर ड्राफ्ट रद्द करून रक्कम खरेदीदारास परत देण्यास आमची हरकत नाही. ड्राफ्ट पुढे आढळल्यास तो न वटवता बँकेस परत केला जाईल."

यातलं प्रत्येक वाक्य लेखा विभागाला स्वतःचं खातं उघडून तपासता येतं. सही कारकुनाची नको, लेखापाल किंवा प्राचार्यांची, शिक्क्यासह. आणि बँकेच्या बाईंना आधीच विचारून घ्या की हा मजकूर चालेल ना. पुणे-देवगड दोनदा व्हायला नको.

---

दर्यासारंग · सकाळी ११.४१

काकानू, आता कळला. माझो चेक होतो, ह्येंचो डीडी. पण चेक हरवलेलो तेच्यात पण बँकेन माझ्याकडसून पैशे कापलेच हां!

---

सुरंगीचा वळेसर (वेंगुर्ला) · दुपारी ३.१२

माझाही प्रश्न इथेच विचारते, रागावू नका. आमच्या बचत गटाने बाजारातल्या गाळ्यासाठी निविदा भरली होती. दहा हजारांच्या अनामतीचा डीडी जोडला. गाळा दुसऱ्यांना मिळाला आणि डीडी आम्हाला पाच महिन्यांनी परत आला, मुदत संपलेला. मूळ डीडी माझ्या हातात आहे. पुढची निविदा त्याच कार्यालयाची आहे, म्हणून म्हटलं तोच डीडी पुन्हा चालू करून घ्यावा. बँकेत गेले तर म्हणाले, तुम्ही आमच्या ग्राहकच नाही. आम्ही तो आमच्या पतसंस्थेतून काढला होता.

---

पाचवा काउंटर · संध्याकाळी ६.४५

ताई, डीडीच्या दर्शनी भागावर खरेदीदाराचं नाव छापलेलं असेल, सप्टेंबर २०१८ पासून ते छापणं सक्तीचं आहे. तिथे पतसंस्थेचं नाव दिसतंय का बघा. पतसंस्था स्वतः डीडी काढत नाही, ती बँकेतल्या आपल्या खात्यातून तो विकत घेऊन तुम्हाला देते. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने खरेदीदार पतसंस्थाच, आणि ते बरोबरच आहे.

तुमचं काम वाडीवरच्यांपेक्षा पुष्कळ सोपं आहे, कारण मूळ कागद हातात आहे. पतसंस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, सोबत मूळ डीडी, आणि ज्या शाखेने काढला तिथेच जायचं. मुदत वाढवून घेतली तर त्याच कागदावर नवी तारीख घालून अधिकारी सह्या करतात आणि त्या दिवसापासून पुन्हा तीन महिने मिळतात. हे सहसा एकदाच करतात. काही बँका आता मुदत वाढवतच नाहीत, जुना रद्द करून नवा देतात. मला विचाराल तर तुम्ही रद्दच करून घ्या. पाच महिने डीडी अडकवून ठेवणारं कार्यालय पुढच्या वेळीही तेच करील, आणि खाडाखोडीसारखा दिसणारा डीडी बघून एखादा कारकून निविदाच बाद करायचा. रद्द केल्यावर पैसे पतसंस्थेच्या खात्यात येतील आणि तिथून तुम्हाला मिळतील. डीडीवरचं नाव मात्र कुणी बदलून देणार नाही. पुढची निविदा दुसऱ्या कार्यालयाची असती तर नवाच काढावा लागला असता.

---

सुरंगीचा वळेसर · संध्याकाळी ७.००

हो, पतसंस्थेचंच नाव आहे! इतक्या वेळा हातात घेतला, पण कधी वाचलंच नाही. चेअरमन आमच्याच वाडीतले, उद्याच पकडते.

---

ओटीवरचा (गुहागर) · २२ सप्टेंबर, दुपारी १२.३०

काका, तीन महिने कसे? पूर्वी सहा असायचे. आणि आमच्याकडे वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत २००९ चा ४,२०० रुपयांचा डीडी सापडलाय. कलमांच्या खतासाठी काढलेला दिसतो, पण दिलाच नाही. वडील गेले. त्याचं आता काय होणार? भिंतीला लावू काय?

---

पाचवा काउंटर · दुपारी २.१०

सहा महिने १ एप्रिल २०१२ च्या आधी होते. त्या तारखेपासून निघालेल्या चेक-डीडीला तीन महिने. तुमच्या कागदावर सहा महिने छापलेलं असेल, पण आता त्याने काही फरक पडत नाही.

भिंतीला लावू नका. दहा वर्षं कोणी न मागितलेली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते, न वटलेले डीडीही त्यात येतात. तरी तुमचा हक्क जात नाही. मागायचं मात्र बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेकडे नव्हे. तुम्हाला दिल्यावर बँक निधीतून वसूल करते. ती बँक मध्यंतरी दुसरीत विलीन झाली असेल तर त्या दुसरीत जा. मूळ डीडी, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारस असल्याची कागदपत्रं लागतील. ४,२०० साठी किती पायपीट करायची हे तुम्ही ठरवा.

---

ओटीवरचा · दुपारी २.२५

वडिलांची सही आहे त्या अर्जाच्या पावतीवर. पायपीट करीन.

---

वाडीवरचा · ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.५०

काय झालं ते सांगतो. बाईंनी मजकूर वाचला, आत मॅनेजरना दाखवला आणि म्हणाल्या, चालेल. २९ सप्टेंबरला अर्ज दिला. त्यात डीडीचा नंबर, तारीख, रक्कम, स्पीड पोस्टची पावती, ट्रॅकिंगची छापील प्रत, पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. बाई जरा नाखूश होत्या, "पत्र आल्यावर घेऊ की एकदम" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, आज घ्या.

हमीपत्राचा नमुना बँकेनेच दिला. स्टॅम्पवरून गंमत झाली. मी घरातला जुना शंभरचा स्टॅम्प घेऊन गेलो. व्हेंडर म्हणाला, ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राला पाचशेचाच लागतो. मॅनेजरनी हमीपत्रही पाचशेच्याच स्टॅम्पवर मागितलं. त्या हमीपत्रात असं लिहिलंय, की उद्या मूळ डीडीवर कोणी पैसे घेतले तर ते मी बँकेला भरून देईन, आणि मूळ सापडला तर न वापरता परत करीन. जामीन म्हणून शाखेतल्याच दुसऱ्या खातेदाराची सही मागितली. आमच्या वाडीतले मास्तर आले.

कॉलेजचं पत्र मिळवायला मुलीलाच लेखा विभागात बसवलं. तिथल्या मॅडमनी बँक स्टेटमेंट उघडलं, जूनपासून ३६,५०० ची एकच जमा आहे हे बघितलं आणि पाच मिनिटांत सही केली. ज्यासाठी मी तीन आठवडे फोन करत होतो! मूळ पत्र आज बँकेत दिलं.

---

अॅडव्होकेटचा शेजारी · रात्री ८.३०

अभिनंदन. पोलीस तक्रार मागितली नाही? माझ्या भावाकडे मागितली होती.

---

वाडीवरचा · रात्री ८.४४

मागितली. ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद केली, अर्धा तास. गुन्हा वगैरे काही नाही, नुसता दाखला.

---

पाचवा काउंटर · ९ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

उत्तम. आता एक लक्षात ठेवा. तुमच्याकडे मूळ डीडी नसल्याने बहुतेक ते आधी डुप्लिकेट काढतील आणि तोच लगेच रद्द करून रक्कम खात्यात टाकतील. पासबुकात दोन आकार कापलेले दिसले तर घाबरू नका. पैसे त्याच खात्यात येतील जिथून गेले होते. रोख देतो म्हणाले तर नको म्हणा.

आणि ट्रॅकिंगचा दुवा सोडू नका. लिफाफा कोणाच्या सहीने घेतला ते पोस्टात लेखी विचारा. तो फाटकावरच्या रखवालदाराच्या खणात असू शकतो.

---

वाडीवरचा · ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

आज ३६,५०० जमा! काका म्हणाले तसेच दोन आकार कापले, जीएसटीसकट २३६ रुपये. प्रत्येक बँकेत वेगळे असतात म्हणे.

आता उशिराच्या व्याजाचं. माझा अर्ज २९ सप्टेंबरचा, पंधरवडा १३ ऑक्टोबरला संपला, पैसे आज आले, म्हणजे २२ दिवस उशीर. फलकावर एवढ्या दिवसांच्या एफडीला साडेतीन टक्के. ३६,५०० वर दिवसाला साडेतीन रुपये, एकूण ७७. मॅनेजर म्हणतात, अर्ज पूर्ण झाला तो ८ ऑक्टोबरला, पत्र आलं तेव्हा. तिथून मोजलं तर १३ दिवस, साडेपंचेचाळीस रुपये. आणि मध्ये दिवाळी होती, तेही जरा समजून घ्या म्हणतात.

---

अॅडव्होकेटचा शेजारी · संध्याकाळी ६.५५

२९ तारीखच धरा. नियमात अर्ज मिळाल्यापासून असं आहे, 'पूर्ण अर्ज' कुठे आहे? बँकेला लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

---

पाचवा काउंटर · रात्री ८.१०

इथे माझं मत बँकेकडे झुकतं. कॉलेजचा कागद नसताना मीसुद्धा खुर्चीत असतो तर डुप्लिकेट काढला नसता. पण शेजारीबुवांचं म्हणणंही टाकाऊ नाही. लोकपाल कोणती तारीख धरेल ते सांगता येत नाही. मास्तरांना मात्र चहा पाजा, त्यांनी ३६,५०० ची जोखीम घेतलीय.

---

दर्यासारंग · रात्री ८.३२

साडेएकतीस रुपयांचो झगडो! एका बांगड्याचे पैशे!

---

वाडीवरचा · ११ नोव्हेंबर, दुपारी १.१५

पोस्टातून सहीची प्रत आली. सही कोणाची ती वाचता येत नाही, पण शिक्का आहे शेजारच्या दुसऱ्या कॉलेजचा, एकाच आवारातला. मुलगी तिथे गेली. ग्रंथालयाच्या टपालाच्या गठ्ठ्यात आमचा लिफाफा होता, न उघडलेला. पावसाने एक कोपरा भिजलेला, आत डीडी तसाच.

उद्या बँकेत परत द्यायला जातोय. पोच घेईन आणि हमीपत्राचं काय करायचं तेही विचारीन, ते परत देतात की नाही बघू. व्याजाचा अर्जही त्याच खेपेत, २९ तारीख धरून.